पहिली पॉलिसी लिहिण्याआधी

झरी जामणी तालुक्यातून विमा प्रतिनिधी म्हणून नव्याने रुजू होणाऱ्यांच्या पहिल्या बैठकीत बहुतेक वेळा एकच प्रश्न आधी येतो: “सर, आपल्या भागात कोणता प्लॅन चालतो?” परीक्षा पास झालेली असते, ओळखपत्र मिळालेले असते आणि वहीत पंचवीस-तीस नातेवाइकांची यादी तयार असते. आता फक्त प्लॅनचे नाव कळले की कामाला लागायचे, अशी तयारी असते. या प्रश्नाचे उत्तर मी पहिल्या दिवशी देत नाही. घरात कमावते किती, देणे किती, पैसा कोणत्या महिन्यात येतो आणि पीक बुडाले तर काय उरते, हे माहीत नसताना प्लॅन सुचवणे म्हणजे रोग्याला न तपासता औषध देणे.

पहिल्या बैठकीत जे सांगायचे असते तेच इथे लिहिले आहे. उदाहरणे जीवन विम्याची आहेत, कारण तुमच्यापैकी बहुतेक जण तेच काम करणार आहात. बीमा सखी योजनेतून आलेल्या बहिणींनी शेवटचे दोन भाग विशेष लक्ष देऊन वाचावेत.

“आमच्याकडे विमा आहे” म्हणजे नेमका कोणता?

आपल्या तालुक्यात ‘विमा’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे पीक विमा येतो. २०२३ च्या खरिपापासून तो एक रुपयात भरता येत होता. २०२५ च्या खरिपापासून ती सवलत संपली आणि कापसाला शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा विमा संरक्षित रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंत गेला. भरपाई कोणाला मिळाली, कोणाला नाही, यावरून गावागावांत राग आहे. तुम्ही दारात जाऊन “विमा काढा” म्हणालात की तो राग तुमच्यावर निघेल. तो आपला विषय नाही, असे म्हणून टाळू नका. पीक विमा पिकाचा असतो आणि तुम्ही माणसाच्या विम्याबद्दल बोलायला आला आहात, हा फरक आधी शांतपणे सांगा.

त्यानंतर घरात आधीच काय आहे ते पाहा. बँकेचे पासबुक मागून घ्या आणि नोंदी वाचा. बऱ्याच घरांत पुढीलपैकी काही ना काही सापडते, पण घरच्यांना त्याचे नाव माहीत नसते:

- ४३६ रुपयांची वजावट: ही प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना. वय १८ ते ५० मध्ये नाव नोंदवता येते, संरक्षण ५५ पर्यंत चालते. कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास वारसाला २ लाख.
- २० रुपयांची वजावट: ही प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. वय १८ ते ७०. अपघाती मृत्यूला २ लाख.
- महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत: योजनेत असलेल्या रुग्णालयांत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार.
- गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना: शेतकरी किंवा कुटुंबातील एका सदस्याच्या अपघाती मृत्यूला २ लाख. हप्ता शेतकऱ्याला भरावा लागत नाही.

यातल्या योजनांतून तुम्हाला फारसे काही मिळत नाही. तरीही ज्या घरात पहिल्या दोन नाहीत, तिथे आधी त्या सुरू करून द्या. या दोन्हींचे वर्ष १ जून ते ३१ मे असते आणि पैसे मे महिन्याच्या शेवटी खात्यातून आपोआप वळते होतात. आपल्याकडे मे महिन्यात खाते रिकामे असते. वजावट होत नाही, संरक्षण थांबते आणि घरच्यांना ते कळतही नाही. पुन्हा नाव नोंदवले तर जीवन ज्योतीत पहिले ३० दिवस अपघात सोडून इतर मृत्यूला पैसे मिळत नाहीत. म्हणून मेच्या दुसऱ्या आठवड्यात ग्राहकांना एक फोन करून “खात्यात पाचशे रुपये ठेवा” एवढे सांगा.

सुरक्षा विम्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगून ठेवा. साप चावला किंवा झाडावरून पडून मृत्यू झाला तरी दावा करता येतो, पण त्याला लगेचची रुग्णालयातली नोंद लागते. आधी बाहेरचा उपाय करून मग उशिरा दवाखाना गाठला, तर जीवही धोक्यात येतो आणि कागदही कच्चा राहतो.

पैसा कधी येतो ते आधी विचारा

नोकरदाराला दर महिन्याला पगार मिळतो, म्हणून त्याला मासिक हप्ता सोयीचा. कोरडवाहू कास्तकाराचे तसे नाही. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आसपास येतो. कापसाचा पैसा साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चअखेर सोसायटीचे पीककर्ज भरायचे असते, कारण तारीख चुकली की व्याजाची सवलत जाते. जूनमध्ये बियाणे, खत आणि कृषी केंद्राची उधारी. जुलै ते सप्टेंबर निंदण, फवारणी, खर्च आणि फक्त खर्च.

आता विचार करा, मार्चअखेर टार्गेट पूर्ण करायचे म्हणून तुम्ही २८ मार्चला पॉलिसी लिहिली. पुढच्या वर्षी हप्ता त्याच तारखेला येणार, म्हणजे सोसायटीच्या कर्जाच्या तोंडावर. जूनमध्ये लिहिली तर पेरणीच्या तोंडावर. अशी पॉलिसी दुसऱ्या वर्षी बंद पडली तर ग्राहकाला दोष देता येणार नाही.

कापूस विकणाऱ्या घराला वार्षिक हप्ता आणि डिसेंबर-जानेवारीची तारीख सुचवा. वार्षिक हप्त्याला मुदतीनंतर ३० दिवसांची सवलत असते, मासिक हप्त्याला १५ दिवसांचीच. मजुरीवर चालणाऱ्या घराचा हिशेब वेगळा. मुकुटबनच्या सिमेंट कारखान्यात किंवा वणीकडच्या कोळसा खाणींत ठेकेदाराकडे काम करणाऱ्याला महिन्याला पैसे मिळतात, पण ठेका कधी संपतो ते त्यालाच विचारा.

एक घर धरून हिशेब करू

आकडे समजण्यापुरते धरले आहेत, पण असे घर तुम्हाला प्रत्येक गावात भेटेल. नवरा ३२ वर्षांचा, बायको २८ वर्षांची, मुले ८ आणि ५ वर्षांची, म्हातारी आई. पाच एकर कोरडवाहू. चार एकरांत कापूस, एका एकरात सोयाबीन आणि तूर.

बऱ्या वर्षी एकरी ५ क्विंटल धरला तर २० क्विंटल कापूस. क्विंटलला ७,५०० रुपये भाव मिळाला तर दीड लाख. सोयाबीन-तुरीचे ३० हजार. एकूण १ लाख ८० हजार. बियाणे, खत, फवारणी आणि वेचणीला ९० हजार गेले, उरले ९० हजार. बायकोची मजुरी आणि नवऱ्याचे उन्हाळ्यातले काम मिळून ५० हजार. म्हणजे हातात १ लाख ४० हजार. घरखर्च महिन्याला ९ हजार, वर्षाचे १ लाख ८ हजार. शिल्लक ३२ हजार, तीही शाळा, दवाखाना आणि लग्नकार्याचा आहेर वगळण्याआधीची. सोसायटीचे आणि बचत गटाचे मिळून १ लाख २० हजार कर्ज डोक्यावर आहे.

नवा प्रतिनिधी ३२ हजारांचा आकडा पाहतो आणि २४ हजारांच्या हप्त्याची, २० वर्षांची, पाच लाखांची एंडोमेंट पॉलिसी लिहून मोकळा होतो. आता वाईट वर्ष धरा. बोंडअळी आली किंवा वेचणीच्या तोंडावर पाऊस पडला आणि कापूस २० ऐवजी १० क्विंटल निघाला. ७५ हजार कमी. ३२ हजारांची शिल्लक ४३ हजारांच्या तुटीत गेली. खर्च तर आधीच झालेला असतो. या घराला २४ हजारांचा हप्ता भरायचा असेल तर तो सावकाराकडून काढून भरावा लागेल, नाहीतर पॉलिसी बंद पडेल.

समजा दोन हप्ते भरले, म्हणजे ४८ हजार, आणि तिसऱ्या वर्षी पॉलिसी मोडली. तिसऱ्या वर्षी हमीचे किमान सरेंडर मूल्य भरलेल्या हप्त्यांच्या ३५ टक्के असते. म्हणजे १६,८०० रुपये. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या नियमांमुळे विशेष सरेंडर मूल्य त्याहून जास्त निघू शकते आणि एक पूर्ण वर्षाचा हप्ता भरलेला असेल तर पहिल्या वर्षानंतरही काही रक्कम मिळते. पण भरलेले सगळे पैसे परत येत नाहीत. ते पैसे पऱ्हाटीतून आलेले होते, हे त्या घराला आयुष्यभर आठवेल आणि तुमचे नावही.

आता गरज पाहू. नवरा गेला तर घर वर्षाला साधारण लाखभर रुपये गमावते. लहान मूल कमावते व्हायला तेरा वर्षे आहेत. कर्ज वेगळे. किमान १२-१५ लाखांचे संरक्षण हवे. म्हणजे २४ हजारांचा हप्ता या घराला झेपत नाही आणि त्यातून मिळणारे पाच लाख पुरतही नाहीत. विक्री अयोग्य ठरते ती अशी, दोन्ही बाजूंनी.

या घराला काय सुचवायचे ते क्रमाने पाहा:

१. नवरा-बायको दोघांचे जीवन ज्योती आणि सुरक्षा विमा. दोघांचे मिळून वर्षाला ९१२ रुपये. बायकोला वगळू नका, ५० हजारांत तिची मजुरीही आहे.

२. नवऱ्याची टर्म पॉलिसी मिळते का ते तपासा. याच वयाला काही हजार रुपयांत मोठे संरक्षण मिळते. मुदत संपल्यावर काही परत मिळत नाही, हे मात्र सुरुवातीलाच सांगा. अडचण अशी की अनेक टर्म योजनांना उत्पन्नाचा पुरावा, शिक्षणाची अट आणि किमान मोठी रक्कम लागते. आयकर विवरणपत्र न भरणाऱ्या कास्तकाराचा प्रस्ताव नाकारला जाऊ शकतो. आपल्या शाखेत कोणते कागद चालतात ते आधी विचारून मगच आशा दाखवा.

३. टर्म मिळाली नाही तर वाईट वर्षीही भरता येईल एवढ्याच हप्त्याची पॉलिसी. या घराला ते वर्षाला पाच हजारांच्या आसपास झेपेल. तेवढ्यात साधारण लाखभराचेच संरक्षण बसते. जीवन ज्योतीचे दोन लाख धरून तीन लाख होतात. हे अपुरे आहे, असे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगा. दोन वर्षांनी पुन्हा या आणि परिस्थिती सुधारली असेल तर वाढवा.

४. मुलांच्या नावे पॉलिसी आत्ता नाही. गावात मुलांच्या शिक्षणाच्या, मुलीच्या लग्नाच्या नावाने पॉलिसी पटकन विकली जाते, म्हणून तिच्यापासून सुरुवात करण्याचा मोह होतो. कमावत्याचे संरक्षण नसताना मुलाची पॉलिसी काढली तर बाप गेल्यावर तिचा हप्ता कोण भरणार, हा प्रश्न स्वतःला विचारा.

हा हिशेब घरी बसून, त्यांच्यासमोर, कागदावर मांडा आणि कागद त्यांच्याकडे ठेवा. कंपनीच्या अर्जात गरज आणि योग्यता तपासण्याचा भाग असतो. तो घाईत भरून टाकू नका. उत्पन्नाच्या रकान्यात मोठा आकडा टाकून हप्ता बसवला तर पुढे तोच कागद तुमच्याविरुद्ध वाचला जातो.

जमीन गेल्याचा मोबदला मिळालेल्या घरी आणखी सावध राहा. वणी-मुकुटबन पट्ट्यात कोळशासाठी आणि सिमेंटच्या चुनखडीसाठी जमिनी गेल्या आहेत. अशा घरात एकदम रक्कम येते आणि आठवड्यात चार प्रतिनिधी येतात. त्या घराची शेती संपलेली असते, म्हणजे पुढचे उत्पन्नच नसते. सगळी रक्कम वीस वर्षे अडकवणारी किंवा दरवर्षी मोठा हप्ता मागणारी पॉलिसी त्यांना देणे हा अन्याय आहे. माझे मत इथे पक्के आहे: रकमेचा मोठा भाग हाताशी राहिला पाहिजे. मग तुमची पॉलिसी लहान झाली तरी चालेल.

ही वाक्ये तोंडातून जाऊ देऊ नका

- “पैसे दुप्पट होतात.” बोनस दरवर्षी जाहीर होतो, आधी ठरलेला नसतो. लाभदर्शक तक्त्यात ४ टक्के आणि ८ टक्के असे दोन रकाने असतात. ते गृहीत धरलेले दर आहेत. हमीची रक्कम कोणती आणि गृहीत धरलेली कोणती, यावर बोट ठेवून दाखवा. त्या तक्त्यावर ग्राहकाची आणि तुमची दोघांचीही सही असते, हे विसरू नका.
- “तीन वर्षे भरा, मग बंद केले तरी चालते.” हप्ते थांबले की पॉलिसी फार तर पेड-अप होते. संरक्षण भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात कमी होते. वीसपैकी तीन हप्ते भरले तर पाच लाखांचे ७५ हजार राहतात.
- “ही सरकारी योजना आहे.” कंपनी सरकारी असली तरी पॉलिसी ही सरकारी योजना होत नाही. पोडावर किंवा टोल्यावर जाऊन योजनेच्या नावाने आधार आणि पासबुक गोळा करणे ही सरळ फसवणूक आहे.
- “जुनी मोडा, नवी घ्या.” चालू पॉलिसी मोडायला लावून नवी विकणे आचारसंहितेच्या विरुद्ध आहे. जुन्या पॉलिसीत झालेली वर्षे ग्राहकाची कमाई असते.

ग्राहकाने “तुम्हाला यात किती मिळतात?” असे विचारले तर लपवू नका. विचारल्यावर कमिशन सांगणे हे प्रतिनिधीचे कर्तव्य आहे.

अर्ज: खर्रा, सिकलसेल आणि नावातली अक्षरे

दाव्याचे भवितव्य बहुतेक वेळा अर्जाच्या दिवशीच ठरलेले असते. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षे पूर्ण झाली की कंपनीला पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही. पण त्या आधी मृत्यू झाला तर कंपनी अर्ज उघडून प्रत्येक उत्तर तपासू शकते, आणि खोटे किंवा लपवलेले काही सापडले तर दावा नाकारू शकते. पॉलिसी बंद पडून पुन्हा सुरू केली तर तीन वर्षांची गणना पुन्हा सुरू होते.

अर्जात तंबाखूचा प्रश्न असतो. आपल्याकडे खर्रा खाणाऱ्याला तो तंबाखू वाटतच नाही. तो “नाही” म्हणतो, प्रतिनिधी “नाही” लिहितो, आणि पुढे तोंडाच्या कर्करोगाच्या केसपेपरवर डॉक्टर लिहितात की दहा वर्षांपासून तंबाखूचे सेवन. म्हणून “तंबाखू खाता का?” असे विचारू नका. “दिवसाला किती खर्रे होतात?” असे विचारा. हप्ता थोडा वाढेल, पण दावा टिकेल.

सिकलसेलचेही तसेच. विदर्भातल्या आदिवासी समाजात हा आजार आढळतो. तपासणी झालेली असेल तर घरात कार्ड असते. ते मागून पाहा. वाहक असणे आणि रुग्ण असणे यात फरक आहे. कार्डावर जे आहे तेच लिहा आणि निर्णय कंपनीला करू द्या. प्रस्ताव परत येईल या भीतीने ते लपवले तर तुम्ही त्या घराला खोटा आधार विकता.

अर्ज भरताना एवढे पाहा:

- ग्राहकाला समजणारी भाषा. कोलामी, गोंडी किंवा तेलुगू बोलणाऱ्या घरात मराठी मान डोलावून ऐकली जाते, पण सगळी समजतेच असे नाही. घरातला शिकलेला मुलगा किंवा मुलगी सोबत बसवा. मुख्य मुद्दे त्यांच्याच तोंडून परत म्हणवून घ्या: किती भरायचे, किती वर्षे, कधी मिळणार, मधे थांबलो तर काय.
- अंगठा असेल तर समजावून सांगितल्याची घोषणा अर्जात असते. ज्याने खरोखर समजावले त्यानेच ती लिहावी. कोऱ्या अर्जावर अंगठा किंवा सही कधीही घेऊ नका.
- आधार, पासबुक आणि शाळेचा दाखला यांवरचे नाव अक्षर न् अक्षर जुळते का ते पाहा. वारस म्हणून बायकोचे नाव लिहिताना अर्जात सासरचे आणि आधारवर माहेरचे आडनाव असेल तर तिला नंतर तहसीलच्या फेऱ्या माराव्या लागतात. आधी कागद दुरुस्त करून घ्या.
- वारस अल्पवयीन असेल तर त्याच्या वतीने पैसे घेणाऱ्या सज्ञान व्यक्तीचे नाव भरावेच लागते.

“पहिला हप्ता मी भरतो” यात काय चूक आहे?

हा प्रश्न मला प्रत्येक तुकडीत येतो. उत्तर सरळ आहे. विमा कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे पॉलिसी घ्यावी म्हणून हप्त्यात किंवा कमिशनमध्ये सूट देणे हा गुन्हा आहे, आणि ती सूट घेणेही. दंड १० लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो. कायद्यापलीकडचे कारणही तितकेच खरे आहे. ज्याने पहिला हप्ता स्वतःच्या खिशातून भरला नाही, तो दुसराही भरत नाही.

बीमा सखींवर हा दबाव जास्त येतो. ही योजना ९ डिसेंबर २०२४ रोजी सुरू झाली. पहिल्या वर्षी महिन्याला ७ हजार, दुसऱ्या वर्षी ६ हजार आणि तिसऱ्या वर्षी ५ हजार असे विद्यावेतन आहे. त्यासाठी वर्षाला २४ पॉलिसी आणि ४८ हजार रुपये पहिल्या वर्षाचे कमिशन, अशी कामगिरी लागते. महिन्याला दोन पॉलिसींचा आकडा गाठायला मग बचत गटातल्या बायकांना गळ घातली जाते, भावजयीच्या नावाने लिहिले जाते, हप्ता विद्यावेतनातून भरला जातो. आता पुढची अट वाचा. दुसऱ्या वर्षीचे विद्यावेतन मिळायला पहिल्या वर्षीच्या किमान ६५ टक्के पॉलिसी चालू असाव्या लागतात. चोवीसपैकी सोळा टिकल्या पाहिजेत. भिडेखातर लिहिलेल्या पॉलिसी पहिल्यांदा इथेच गळतात. विद्यावेतन म्हणजे पगार नव्हे आणि तुम्ही कंपनीच्या नोकरीत नाही, हे घरच्यांनाही आजच सांगून ठेवा.

रोख रकमेबाबत सावध राहा. ग्राहकाने शक्यतो खात्यातून, ऑनलाइन किंवा शाखेत स्वतः भरावे. तुमच्या हातात रोख दिली तर अधिकृत पावती मिळेपर्यंत तो हप्ता भरला गेलेला नसतो. वेचणीच्या दिवसांत पाच जणांचे पैसे घेऊन शाखेत चार दिवस उशिरा जाणे म्हणजे त्या चार दिवसांचा धोका स्वतःच्या अंगावर घेणे.

ग्राहकाचे हक्क तुमच्या तोंडून कळू द्या

- पॉलिसीचा कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत पसंत नसेल तर ती परत करता येते. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांच्या संरक्षणाचा खर्च वगळून पैसे परत मिळतात. पॉलिसी स्वतः नेऊन द्या, दिल्याची तारीख लिहा आणि सोबतचे ग्राहक माहितीपत्रक वाचून दाखवा.
- बंद पडलेली पॉलिसी साधारण पाच वर्षांच्या आत थकलेले हप्ते व्याजासह भरून सुरू करता येते. गरजेप्रमाणे आरोग्याचा पुरावा लागतो.
- २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. कोणी त्या नावाने जास्त पैसे मागितले तर पावती मागा, असे ग्राहकाला सांगा.
- मृत्यूच्या दाव्यात चौकशीची गरज नसेल तर १५ दिवसांत, चौकशी असेल तर ४५ दिवसांत निकाल द्यावा, असा नियम आहे. दाव्यासाठी मदत करणे तुमचे काम आहे. त्यातून वाटा मागणे निषिद्ध आहे.
- तक्रार आधी कंपनीकडे लेखी. महिन्याभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे, तिथे फी नाही आणि वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची भरपाई मागता येते. नियामकाचा टोल फ्री क्रमांक १५५२५५ आणि bimabharosa.irdai.gov.in हे संकेतस्थळ. हा क्रमांक पॉलिसीच्या पाकिटावर तुम्हीच लिहून द्या.

तुमच्या वरचा कोणी “उत्पन्न वाढवून लिहा”, “आजाराचे राहू द्या”, “सही तुम्हीच करा” असे म्हणाला तर नकार द्या. तोंडी सूचना असेल तर ती लेखी मागा, बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. ग्राहकाला दिलेला शब्द तुमचा असतो, अर्जावर क्रमांक आणि सहीही तुमचीच असते. चौकशी झाली तर प्रश्न आधी तुम्हाला विचारले जातील.

आज घरी गेल्यावर वहीतली नातेवाइकांची यादी काढा. प्रत्येक नावापुढे तीन रकाने आखा: घरात कमावते कोण, पैसा कोणत्या महिन्यात येतो, वाईट वर्षी किती भरता येईल. तिन्ही रकाने भरल्याशिवाय कोणाच्याही घरी अर्ज घेऊन जाऊ नका.